व्हॉल्व्हची चावी का पिळली? आयताकृती दांड्यातील पीळ, ताण आणि कोन



गेल्या उन्हाळ्यात उपसा सिंचनाच्या एका पाणीपुरवठा मंडळीचा पाटकरी आमच्या वर्कशॉपच्या दारात एक चावी घेऊन उभा राहिला. चावी म्हणजे कुलपाची नव्हे. जमिनीखालच्या चेंबरमधला व्हॉल्व्ह वरून उभ्यानं फिरवता यावा म्हणून खाली चौकोनी टोपण आणि वर आडवी मूठ लावलेला जो लांब दांडा असतो, ती चावी. तिचा दांडा दोन मीटरचा होता आणि तो सुंभाच्या दोरीसारखा पिळलेला होता. मूठ अर्ध्या फेऱ्याच्याही पुढं गेली, पण व्हॉल्व्ह जागचा हलला नाही. फिरतोय असं वाटून पाटकरी निर्धास्त झाला आणि रात्रभर पाणी भलत्याच शिवारात गेलं. ज्याची पाळी होती त्याच्या लागणीला पाणी मिळालं नाही आणि ज्याला नको होतं त्याच्या तोडणीला आलेल्या फडात चिखल झाला. भांडण व्हायचं ते झालं.

पाटकऱ्याची तक्रार सरळ होती. पूर्वीची चावी २० मिलिमीटर चौरस बारची होती. ती कुणीतरी नेली. नवी करताना गावातल्या वेल्डरकडं चौरस बार नव्हता, म्हणून त्यानं ५० रुंद आणि ८ मिलिमीटर जाड पट्टी लावून दिली. "साहेब, वजन काट्यावर करून घेतलं. दोन्हीचं सारखंच हाय. लोखंडबी त्येच. उलट ही पट्टी रुंद, मग ही पिळलीच कशी?"

प्रश्न रास्त आहे. वजनाचा हिशेबही बरोबर आहे. २० गुणिले २० म्हणजे ४०० आणि ५० गुणिले ८ म्हणजेही ४०० चौरस मिलिमीटर. दोन्हींचं वजन मीटरला साधारण ३.१४ किलो. तरीही एक चावी वर्षानुवर्षं टिकली आणि दुसरी एका रात्रीत दोरी झाली. असं का झालं, ते या लेखात आकडे मांडून पाहू. आकडेमोड गुणाकार-भागाकाराच्या पलीकडं जात नाही. लागणारं कोष्टक खाली दिलं आहे.

प्रथम जोर किती लागतो ते ठरवू. चावीची मूठ एक मीटर लांब, म्हणजे मधल्या दांड्यापासून दोन्हीकडं अर्धा-अर्धा मीटर. माणूस एका टोकाला ढकलतो आणि दुसऱ्या टोकाला ओढतो. प्रत्येक हाताचा जोर २० किलो धरला तर पिळाचा जोर २० गुणिले १०० सेंटिमीटर, म्हणजे २००० किलो-सेंटिमीटर. वर्कशॉपमध्ये यालाच टॉर्क म्हणतात. गंजलेल्या व्हॉल्व्हला सडपातळ माणूससुद्धा एवढा जोर सहज लावतो.

हा जोर दांड्याच्या एका टोकाला लागतो आणि दुसऱ्या टोकाला व्हॉल्व्ह अडून बसतो. मधल्या दांड्याचे आपण सुपारीच्या चकत्यांसारखे पातळ काप कल्पिले तर प्रत्येक काप शेजारच्या कापावरून गोल सरकू पाहतो. ही सरकण्याची ओढ दर चौरस सेंटिमीटरला किती किलो आहे, तिला कर्तन ताण म्हणतात. कात्रीचे पाते कापडाला जसा ताण देतात त्या जातीचा हा ताण. आपण जी पट्टी वापरतो त्या साध्या पोलादाला ओढून लांबवू लागलं तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २५०० किलोला ते कायमचं ताणलं जातं. कर्तनात मात्र ते लवकर हार खातं. ओढीच्या मर्यादेच्या ०.५८ पट, म्हणजे सुमारे १४५० किलोला ते कायमचं पिळलं जातं. हा १४५० आकडा लक्षात ठेवावा, पुढं सारखा लागणार आहे.

आता नेहमीची चूक कशी होते ते आधी पाहू, कारण वेल्डरची समजूत आणि सुमारे दोनशे वर्षांपूर्वीच्या मोठ्या इंजिनिअरांची समजूत एकच होती. गोल दांड्याच्या बाबतीत नियम सोपा आहे. मध्यापासून जितकं लांब, तितका ताण जास्त. मध्याशी शून्य आणि कडेला सर्वांत अधिक. हा नियम गोल दांड्याला अगदी खरा आहे. पट्टीलाही तोच लावला तर काय दिसतं? पट्टीचा कोपरा मध्यापासून अडीच सेंटिमीटरवर, म्हणजे सर्वांत लांब. म्हणून सर्वांत जास्त ताण कोपऱ्याला येईल आणि तो येतो जेमतेम ५९० किलो. रुंद बाजूचा मध्य केंद्रापासून फक्त ४ मिलिमीटरवर, म्हणून तिथं ताण ९५ किलोच्याही आत. या हिशेबानं पट्टी दोन मीटरमध्ये फक्त साडेतीन अंशाच्या आत पिळली पाहिजे. चौरस बारपेक्षा ती तिपटीहून ताठ ठरते. वेल्डरनं कागदावर काही मांडलं नव्हतं, पण त्याच्या मनातला हिशेब हाच. रुंद आहे, म्हणजे दणकट आहे.

फ्रान्समधला नाव्हिये हा फार मोठा इंजिनिअर. त्यानंही १८२६ सालच्या आपल्या व्याख्यानांत दांड्याचा प्रत्येक काप पिळताना सपाटच राहतो असं धरलं होतं. ते चुकीचं आहे हे त्याच्याच परंपरेतल्या सां-व्हेनां यानं दाखवलं. १८५३ साली फ्रेंच विज्ञान अकादमीपुढं त्यानं पिळाविषयीचा आपला निबंध ठेवला. गोल सोडून बाकी कुठल्याही आकाराचा दांडा पिळला की त्याचा काप सपाट राहत नाही. तो भाजलेल्या पापडासारखा थोडा वर-खाली वळतो. आणि एकदा काप वळला की ताण मध्यापासूनच्या अंतरावर अवलंबून राहत नाही.

हे स्वतः पाहायचं असेल तर जुन्या जाड रबराची एक लांबट वडी घ्यावी. मोठा खोडरबरही चालेल. त्याच्या चारी बाजूंवर पेनानं बारीक चौकटी आखाव्यात आणि दोन्ही टोकं धरून पिळावं. रुंद बाजूच्या मध्यावरच्या चौकटी तिरप्या होऊन शंकरपाळ्यासारख्या दिसतील. कडेच्या कोपऱ्याजवळच्या चौकटी मात्र जवळजवळ काटकोनातच राहतील. चौकट जिथं जास्त तिरपी, तिथं कर्तन ताण जास्त. म्हणजे मध्यापासून सर्वांत लांबचा कोपरा आरामात बसलेला असतो आणि मध्याला सर्वांत जवळची जी बाहेरची जागा, रुंद बाजूचा मध्य, तीच सगळा भार सोसत असते. समजुतीच्या अगदी उलट.

कोपऱ्याला ताण शून्य का, याचं कारणही कठीण नाही. कर्तन ताण एकटा कधीच राहत नाही. कापाच्या पृष्ठावर कडेकडं जाणारा ताण असेल तर तेवढाच ताण दांड्याच्या बाहेरच्या अंगावर लांबीच्या दिशेनं लागतो. पण बाहेरच्या अंगाला तर हवा आहे, तिथं कोण ओढणार? म्हणून कडेशी पोचलेला ताण कडेला समांतर वळून वाहू लागतो, पाटाच्या भिंतीशी पाणी वळतं तसा. कोपऱ्यात दोन कडा मिळतात. दोन्हींना एकाच वेळी समांतर वाहणं शक्य नाही, म्हणून तिथं तो वाहतच नाही. चौकोनी हौदात पाणी ढवळलं तरी कोपऱ्यातला पालापाचोळा जागीच राहतो, तसंच हे.

जर्मनीतल्या प्रांट्लनं १९०३ साली याला आणखी एक सुरेख उपमा दिली. दांड्याच्या कापाच्या आकाराचं भोक पाडून त्यावर साबणाच्या पाण्याचा पडदा धरायचा आणि खालून हलकी फुंकर मारायची. पडदा फुगतो. पडद्याचा चढ जिथं जास्त, तिथं ताण जास्त. आणि पडद्याखाली जेवढी हवा मावते, तेवढा दांडा पिळाला ताठ. साबण नको असेल तर चौकटीवर ताणून बांधलेल्या ताडपत्रीत पावसाचं पाणी साठल्यावर काय होतं ते आठवावं. लांबट चौकटीत ताडपत्रीचा सर्वांत मोठा उतार लांब बाजूंच्या मध्याशी असतो आणि कोपऱ्यांत ती जवळजवळ सपाट असते. आता तीच चौकट अरुंद करत नेली तर ताडपत्री खोल जाऊच शकत नाही, कारण दोन लांब बाजू तिला जवळून धरून असतात. चौकट लांबीला कितीही वाढवली तरी खोली वाढत नाही. पट्टीचं तेच होतं. तिची जाडी म्हणजे त्या चौकटीची अरुंद बाजू.

सां-व्हेनांच्या गणितातून आयताकृती दांड्यासाठी दोन सूत्रं निघतात. मूळ गणित लांबलचक श्रेणीचं आहे, पण ती बेरीज करून गुणक कोष्टकात मांडून ठेवलेले असतात. त्यामुळं आपल्याला फक्त रुंदी आणि जाडी लागते. जाडी म्हणजे नेहमी लहान बाजू, ही खबरदारी घ्यावी. उलट धरलं तर सगळा हिशेब चुकतो.

सर्वांत जास्त ताण = पिळाचा जोर ÷ (क × रुंदी × जाडी × जाडी)

पिळाचा कोन = (पिळाचा जोर × लांबी) ÷ (ख × रुंदी × जाडी × जाडी × जाडी × पोलादाचा कर्तन गुणांक)

कर्तन गुणांक म्हणजे पोलाद पिळाला किती ताठ आहे त्याचं माप. तो दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ८,००,००० किलो धरावा. कोन रेडियनमध्ये येतो. त्याला ५७.३ नं गुणलं की अंश मिळतात. क आणि ख हे गुणक रुंदी जाडीच्या किती पट आहे त्यावर ठरतात.

| रुंदी ÷ जाडी | क (ताणासाठी) | ख (कोनासाठी) |
|---|---|---|
| १ (चौरस) | ०.२०८ | ०.१४१ |
| १.५ | ०.२३१ | ०.१९६ |
| २ | ०.२४६ | ०.२२९ |
| ३ | ०.२६७ | ०.२६३ |
| ४ | ०.२८२ | ०.२८१ |
| ६ | ०.२९९ | ०.२९९ |
| १० | ०.३१३ | ०.३१३ |
| फारच पातळ | ०.३३३ | ०.३३३ |

कोष्टकाकडं एकदा नीट पाहावं. पट चारच्या पुढं गेली की दोन्ही गुणक एकच होतात आणि पुढं फारसे वाढतही नाहीत. कितीही रुंद पट्टी घेतली तरी ते एक तृतीयांशाच्या पलीकडं जात नाहीत. म्हणजे खरा फरक गुणक पाडत नाहीत. तो जाडी पाडते. ताणाच्या सूत्रात जाडी दोनदा आली आहे, कोनाच्या सूत्रात तीनदा. रुंदी दोन्हीकडं एकदाच.

आता जुनी चावी. चौरस बार, रुंदी २ सेंटिमीटर, जाडी २ सेंटिमीटर, पट १. क ०.२०८. तेव्हा ०.२०८ × २ × २ × २ म्हणजे १.६६. जोर २००० भागिले १.६६ म्हणजे ताण सुमारे १२०० किलो. १४५० च्या आत आहे. फार सैल नाही, पण आत आहे. कोनासाठी ख ०.१४१. ०.१४१ × २ × २ × २ × २ म्हणजे २.२६. लांबी २०० सेंटिमीटर. वर २००० × २०० म्हणजे ४,००,०००. खाली २.२६ × ८,००,००० म्हणजे सुमारे १८,००,०००. भागाकार ०.२२ रेडियन, म्हणजे पावणेतेरा अंशांच्या आसपास. ५० सेंटिमीटरच्या मुठीचं टोक यात सुमारे ११ सेंटिमीटर पुढं सरकतं. जुनी चावी वापरणाऱ्या कुणालाही हे हाताला ठाऊक असतं. व्हॉल्व्ह सुटायच्या आधी मूठ वीतभराला कमी इतकी "खाते", मग कर्रकन आवाज येऊन व्हॉल्व्ह फिरतो.

आता नवी पट्टी. रुंदी ५, जाडी ०.८ सेंटिमीटर, पट ६.२५. कोष्टकात ६.२५ नाही. ६ ला ०.२९९ आहे आणि १० ला ०.३१३. मधल्या चार पटींत ०.०१४ वाढ आहे, तर पाव पटीत ०.००१ हून किंचित कमी. म्हणून गुणक ०.३०० धरला. असा मधला आकडा काढताना कोष्टकाच्या खालच्या भागात काही बिघडत नाही, पण वर १ आणि १.५ यांच्यामध्ये गुणक भरभर वाढतो, तिथं जरा जपून काढावा.

०.३०० × ५ × ०.८ × ०.८ म्हणजे ०.९६. २००० भागिले ०.९६ म्हणजे २०८३ किलो. मर्यादा १४५० आणि ताण २०८३! पट्टी पिळणारच होती. उलटं काढलं तर १४५० × ०.९६ म्हणजे सुमारे १३९० किलो-सेंटिमीटर जोराला, म्हणजे प्रत्येक हातानं जेमतेम १४ किलो लावल्यावर, रुंद बाजूचा मध्य हार खाऊ लागला असेल.

कोन काढू. ०.३०० × ५ × ०.८ × ०.८ × ०.८ म्हणजे ०.७६८. ४,००,००० भागिले (०.७६८ × ८,००,०००) म्हणजे ०.६५ रेडियन, ३७ अंश. चौरस बारच्या जवळजवळ तिप्पट. मुठीचं टोक ३२ सेंटिमीटर सरकेल आणि खाली व्हॉल्व्ह ठप्प. पण इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ही सूत्रं पोलाद मर्यादेच्या आत असेपर्यंतच खरी. ताण १४५० च्या पुढं गेला की पोलाद स्प्रिंगसारखं वागत नाही. पृष्ठाचा थर सैल पडतो, आतल्या थरावर भार जातो आणि तोही सैल पडतो. साऱ्या जाडीनं हार खाल्ली की पट्टी सुमारे २२०० किलो-सेंटिमीटरच्या आसपासच पीळ घेते, त्यापुढं ती नुसती फिरतच राहते. आपला जोर २००० होता, म्हणजे अगदी काठावर. त्या रात्री पाटकऱ्यानं जरा जास्त रेटलं किंवा मदतीला दुसरा हात लागला असेल, की झाली दोरी. म्हणून ३७ अंश हा कमीत कमी आकडा समजावा, प्रत्यक्षात अर्धा फेरा झाला यात नवल नाही.

वेल्डरच्या मनातल्या हिशेबाशी हे ताडून पाहावं. त्या हिशेबानं कोपऱ्यावर ५९० किलो, खरं तर शून्य. रुंद बाजूच्या मध्यावर ९५ किलोच्या आत, खरं तर २०८३. कोन साडेतीन अंशाच्या आत, खरं तर ३७ हून अधिक. चूक थोडीथोडकी नाही, अकरा पटींची आहे, आणि तीही उलट्या बाजूला. अरुंद बाजूच्या मध्यावरही ताण असतो, पण पातळ पट्टीत तो मोठ्या ताणाच्या साधारण तीन चतुर्थांश एवढा.

यावरून तपासणीच्या दोन गोष्टी निघतात. चावीला, किंवा पिळणाऱ्या कुठल्याही पट्टीला, तडा शोधायचा तर रुंद बाजूच्या मध्यरेषेवर शोधावा, कोपऱ्यात नव्हे. आणि मूठ बसवण्यासाठी पट्टीच्या ऐन मध्यात भोक पाडणं म्हणजे जिथं सर्वांत जास्त ताण तिथंच पोलाद कमी करणं. भोकाच्या कडेला ताण आणखी वाढतो. आमच्याकडं आलेल्या पट्टीत वरच्या बाजूला असं भोक होतंच. दुसरी गोष्ट तपासण्याची सोपी युक्ती. नव्या चावीच्या दांड्यावर वरपासून खालपर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवावी. जोर लावताना रेघ तिरपी होते, ते चालतं. जोर सोडल्यावर रेघ पुन्हा सरळ झाली पाहिजे. थोडीही तिरपी राहिली तर ताण एकदा मर्यादेबाहेर गेला असं समजावं. आणि व्हॉल्व्ह फिरला की नाही हे मुठीवरून ठरवू नये. टोपणाजवळ खुणेचा ठिपका ठेवून खाली बॅटरी मारून पाहावं. मूठ एकदम सोडूही नये. पिळलेला दांडा स्प्रिंग आहे, मूठ उलटून बरगडीत बसते.

आता दोन सूचना पाटकरी मंडळींकडूनच आल्या, त्यांचं उत्तर देतो. पहिली, ट्रकचा जुना पाटा वापरला तर? पाट्याचं पोलाद कडक असतं, ते १४५० ला हार खात नाही, म्हणून कायमचं पिळणार नाही हे खरं. पण पोलाद कडक असो की मऊ, त्याचा कर्तन गुणांक जवळजवळ तोच, आठ लाख. सूत्रात बघा, कोनाचा पोलादाच्या ताकदीशी संबंधच नाही. तेव्हा ५० बाय ८ चा पाटा लावला तरी मूठ ३२ सेंटिमीटर खाणारच. फक्त सोडल्यावर सरळ होईल, आणि जास्त जोरानं उलटेल. शिवाय पाट्याला वेल्डिंग धड धरत नाही, जोडाशेजारीच तडकतो.

दुसरी सूचना अँगलची. ५० बाय ५० बाय ६ चा अँगल मीटरला साडेचार किलो, पट्टीहून दीडपट जड आणि वाकवायला कठीण. पण पिळाच्या बाबतीत अँगल म्हणजे काटकोनात दुमडलेली पट्टीच. दुमड उलगडली तर ९.४ सेंटिमीटर रुंद आणि ०.६ जाड. पट पंधराच्या वर, गुणक ०.३२. ०.३२ × ९.४ × ०.६ × ०.६ × ०.६ म्हणजे ०.६५. पट्टीचा आकडा ०.७६८ होता. म्हणजे दीडपट पैसे मोजून पट्टीहूनही लवचीक दांडा मिळाला. कोन ४४ अंशांवर जातो. वाकण्याची ताकद आणि पिळाची ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ते इथं चांगलं दिसतं. चॅनेललाही हेच लागू.

मग चावी कशाची करावी? जोर २००० आणि ताण ८०० च्या आत ठेवायचा असं ठरवू, कारण रोजची वापरातली वस्तू आहे आणि कुणीतरी जोर जास्त लावणारच. २००० भागिले ८०० म्हणजे २.५. क × रुंदी × जाडी × जाडी हा गुणाकार २.५ च्या वर हवा. चौरस बारसाठी २२ मिलिमीटरला तो २.२१ येतो, थोडा कमी पडतो. २५ मिलिमीटरला ३.२५ येतो. ताण ६१५ किलो, कोन सव्वापाच अंशांच्या आसपास. दोन माणसं लागली, जोर दुप्पट झाला, तरी ताण १२३० वर राहतो. वजन मीटरला ४.९ किलो. हेच ८ मिलिमीटर जाडीच्या पट्टीनं साधायचं म्हटलं तर रुंदी १२ सेंटिमीटर लागते. चावी नव्हे, फळीच.

चौरस बारच हवा असा हट्ट नाही. गोल बार त्याहून बरा आणि पाइप सर्वांत बरा. पाइपचं सगळं पोलाद बाहेरच्या घेरात असतं आणि तो घेर बंद असतो. एक इंची मध्यम जातीचा पाइप, बाहेरून ३३.७ मिलिमीटर आणि जाडी ३.२, घेतला तर २००० जोराला ताण ५०० च्या आत आणि कोन चार अंश. वजन मीटरला अडीच किलोच्याही आत. मात्र पाइपची शिवण लांबीभर उकललेली नसावी. उकललेला पाइप म्हणजे पुन्हा गोल दुमडलेली पातळ पट्टीच. घेर ९.६ सेंटिमीटर, जाडी ०.३२, हे कोष्टकात घालून बघावं. तो बंद पाइपच्या सुमारे सत्तर पट जास्त पिळतो. भंगारातला पाइप घेताना शिवण बोटानं चाचपून घ्यावी.

आणखी एक. चावी दणकट झाली की व्हॉल्व्ह निघेना म्हणून मुठीत लांब पाइप घालून चौघांनी लोंबकळायचं, हे करू नये. पट्टीची चावी निदान स्वतः पिळून खालच्या स्पिंडलला वाचवत होती. २५ च्या बारमधून आठ हातांचा जोर सरळ स्पिंडलवर जातो, आणि स्पिंडल तुटला तर चेंबर उपसून व्हॉल्व्ह उघडावा लागतो. अडलेल्या व्हॉल्व्हला थोडं उलटं, थोडं सुलटं असं फिरवून सोडवावं आणि ग्लँडला वंगण द्यावं.

त्या मंडळीला आम्ही २५ मिलिमीटर चौरस बारची चावी करून दिली. मूठ भोक न पाडता वरच्या टोकाला आडवी ठेवून चारी बाजूंनी वेल्ड केली आणि दांड्यावर पिवळी रेघ ओढली. पिळलेली पट्टी वर्कशॉपच्या भिंतीला टांगून ठेवली आहे. गळिताच्या दिवसांत वजनकाट्याकडं येणाऱ्या सभासदांनी ती जरूर पाहावी, आणि आपली चावी कशाची आहे तेही जाता जाता सांगून जावं. रुंदी, जाडी आणि लांबी मोजून आणली तर हिशेब तिथंच करून देऊ.